फोन थरथरतो, पण हाताला कळत नाही

«मी माध्यमिक शाळेत शिकवते. वर्गात फोनचा आवाज बंद असतो, पण घरी आई आजारी असल्यामुळे तिचा फोन आलेला कळणं मला गरजेचं आहे. तीन वर्षांचा अँड्रॉइड फोन आहे. पूर्वी फोन आला की टेबल हादरायचं. दोन महिन्यांपूर्वी डिस्प्ले फुटला, तो बाजारात एका दुकानातून बदलून घेतला आणि पुन्हा फुटू नये म्हणून जाड कव्हर घातलं. आता व्हायब्रेशन इतकं मंद झालंय की फोन हातात असला तरच जाणवतं. टाइप करताना तर काहीच नाही. गजराला थोडी घरघर ऐकू येते. दुसऱ्या दुकानदाराने सांगितलं, व्हायब्रेटर गेला, बोर्डही बघावा लागेल. खरंच एवढं मोठं काम आहे का?»
— एक शिक्षिका, कराड

ताई, गजराला घरघर ऐकू येते याचा अर्थ मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे आणि मोटर हलतेही आहे. बोर्डावरून मोटरला वीज देणारा भाग मेला असता, तर बहुतेक वेळा फोन पूर्ण मुका झाला असता. म्हणून बोर्डाच्या कामाला आत्ता कुणालाही होकार देऊ नका. मोटर बदलण्यालाही लगेच देऊ नका. आधी एक पैसाही खर्च न करता घरी काय तपासता येतं ते सांगतो, कारण तुमच्या फोनच्या बाबतीत दोन-तीन कारणं एकाच सुमारास जमा झालेली दिसतात आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढल्याशिवाय खरा दोषी सापडणार नाही.

सुरुवात सेटिंगपासून करा, आणि तिथेही पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही वर्गात जाताना फोन नक्की कोणत्या अवस्थेत ठेवता. अँड्रॉइडमध्ये आवाज बंद करण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. एकात आवाज जातो आणि थरथर राहते, दुसऱ्यात दोन्ही जातात. सॅमसंगच्या फोनवर वरून पडदा खाली ओढला की `Sound`, `Vibrate` आणि `Mute` अशी चिन्हं एकाच बटणावर आळीपाळीने येतात. घाईत एक टिचकी जास्त पडली की `Vibrate` च्या पुढे `Mute` वर जातं आणि फोन गप्प होतो. इतर कंपन्यांच्या फोनमध्ये नावं थोडी वेगळी, पण भेद हाच. वर्गात आलेले फोन अजिबात कळत नाहीत आणि घरी मात्र थोडंफार कळतं, असं होत असेल तर आधी हे चिन्ह नीट बघा.

मग `Settings` मध्ये जाऊन `Sounds and vibration` किंवा `Sound & vibration` उघडा. तिथे थरथरीचा जोर ठरवणारं पान असतं. सॅमसंगवर त्याचं नाव `Vibration intensity`, पिक्सेलवर `Vibration & haptics`. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की जोर सगळ्यांसाठी एकच नसतो. आलेला फोन, आलेला संदेश आणि बोटाचा स्पर्श यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात. एक पट्टी तळाला गेली तर बाकीच्या ठीक असूनही तेवढीच गोष्ट मुकी होते. सगळ्या पट्ट्या शेवटपर्यंत उजवीकडे ओढा. ओढताना बहुतेक फोन स्वतःच थरथरून दाखवतात, तेव्हा तुमची पहिली चाचणी इथेच होते. तुमच्या फोनवर पट्टीच नसेल, फक्त चालू-बंद एवढंच बटण असेल, तर बहुधा आतली मोटर साधी, एकाच जोरात चालणारी आहे. मग जोर वाढवण्यासारखं सॉफ्टवेअरमध्ये काही नाही आणि मंदपणाचं कारण बाहेर किंवा आतच शोधायला हवं.

टाइप करतानाच्या थरथरीचा कारभार पुन्हा वेगळा. तो कीबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो. जीबोर्ड वापरत असाल तर त्याच्या `Preferences` मध्ये `Haptic feedback on keypress` आणि त्याखाली जोराची पट्टी आहे. तो पर्याय बंद असेल तर फोनची मोटर नवी कोरी असली तरी बोटाखाली काही जाणवणार नाही.

बॅटरी सेव्हरही बघा. तो चालू असताना अँड्रॉइड स्पर्शाची आणि संदेशांची थरथर थांबवतं, पण येणारा फोन आणि गजर यांची चालू ठेवतं. तुमच्या पत्रातलं वर्णन, म्हणजे टाइप करताना काही नाही आणि गजराला आहे, याच्याशी हे अगदी जुळतं. पंधरा-वीस टक्क्यांवर बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होईल असं कुणी लावून ठेवलं असेल तर संध्याकाळी फोन मंद आणि सकाळी चार्ज झाल्यावर बरा वाटतो. असा वेळेप्रमाणे फरक पडत असेल तर मोटरवर शंका घेऊ नका. आणि हातात स्मार्टवॉच असेल तर तेही तपासा. घड्याळ जोडलेलं असताना फोनवरच्या सूचना गप्प ठेवण्याची सोय काही घड्याळांच्या ॲपमध्ये असते. आयफोनवाल्यांनाही हे लागू आहे. ॲपल वॉच हातात आणि आयफोन लॉक असेल तर संदेश घड्याळावर जातात, फोन हलत नाही. आयफोनवर आणखी एक बटण असं आहे जे सगळ्यांवर मात करतं: `Settings > Accessibility > Touch > Vibration`. ते बंद असलं की बाकी काहीही चालू करा, फोन थरथरणार नाही. तुमच्या स्टाफरूममध्ये कुणाचा आयफोन मुका झाला असेल तर त्यांना हे आधी बघायला सांगा.

सेटिंग झाली की फोनला सलग थरथरायला लावायचं, म्हणजे कुठल्याही ॲपचा संबंध न येता मोटर ऐकता येते. सॅमसंगवर डायल पॅड उघडून हे टाका:

```
*#0*#
```

चाचण्यांचं पान उघडतं, त्यात `VIBRATION` दाबा. शाओमी, रेडमी, पोको या फोनवर हा कोड:

```
*#*#6484#*#*
```

त्यातल्या यादीत व्हायब्रेटरची चाचणी आहे. या पानांवरची बाकीची बटणं दाबत बसू नका. काही मॉडेलवर ही पानं उघडत नाहीत. तेव्हा दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावा आणि वाजू द्या, तेही चालतं.

आता कव्हर. यावर थोडं थांबतो, कारण लोक एकतर त्याला पूर्ण निर्दोष धरतात किंवा सगळा दोष त्याच्यावर ढकलतात.

आतली मोटर ग्रॅम-दोन ग्रॅम वजनाची असते. ती आपलं इवलं वजन हलवते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पूर्ण फोन हलतो. मोटरची ताकद ठरलेली आहे, म्हणून तिला जितकं जास्त वजन हलवावं लागेल तितकं ते कमी हलेल. तुमचा फोन 190 ग्रॅमचा आणि कव्हर 60 ग्रॅमचं धरू. आता मोटरला 190 ऐवजी 250 ग्रॅम हलवायचे आहेत. 190 ला 250 ने भागलं की 0.76 येतं, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा हालचाल नुसत्या वजनानेच गेली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमचा फोन आणि कव्हर वेगवेगळं मोजून हा भागाकार स्वतः करून बघा. कव्हरच्या मागे अंगठी असेल, कार्ड ठेवायचं पाकीट असेल, गाडीतल्या होल्डरसाठी लोखंडी चकती असेल, तर तेही वजनात धरा.

वजनापेक्षा मोठा वाटा मऊपणाचा असतो. मोटर साधारण दीडशे ते सव्वादोनशे वेळा दर सेकंदाला हलते. कव्हर कडक प्लास्टिकचं आणि फोनला घट्ट बसलेलं असेल तर ही थरथर जशीच्या तशी बाहेरच्या पृष्ठभागावर येते. पण कव्हर जाड रबराचं, सिलिकॉनचं, कोपऱ्यात हवेच्या पोकळ्या असलेलं असेल, तर इतक्या जलद हालचालीला ते साथ देत नाही. आत फोन हलत राहतो आणि बाहेरचा थर जवळजवळ स्थिर. फोन पडल्यावर धक्का आत जाऊ नये म्हणून जी मऊ रचना केलेली असते, तीच आतली थरथर बाहेर येऊ देत नाही. शिवाय कव्हर सैल झालेलं असेल तर फोन त्यात आपटून नुसता खडखड आवाज होतो आणि हाताला फारसं काही लागत नाही.

टेबलाचंही असंच आहे. पूर्वी तुमचं टेबल हादरायचं ते फोनची काच किंवा प्लास्टिक थेट लाकडावर आपटत होतं म्हणून. मऊ कव्हर मध्ये आलं की तो आवाज जातोच, मोटर कितीही चांगली असली तरी. पर्समध्ये रुमाल, डबा, वह्या यांच्यात दाबलेल्या फोनकडून तर अपेक्षाच ठेवू नका. बोटांच्या टोकांची त्वचा अशी जलद थरथर ओळखण्यात फार तरबेज असते. खांद्याला लटकणाऱ्या पर्समधून मात्र ती कमरेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून चाचणी अशी करा. कव्हर काढा, मागे काही चिकटवलेलं असेल तर तेही काढा. फोन सलग थरथरत असताना दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी हलकेच धरा, मुठीत आवळू नका. मग उघड्या लाकडी टेबलावर सपाट ठेवा. चांगली मोटर असलेला फोन टेबलावर स्पष्ट घुमतो आणि बरेचदा जागा सोडून हळूहळू सरकतो. आता कव्हर घालून हेच पुन्हा. फरक जमीन-अस्मानाचा असेल तर तुमचा बहुतेक प्रश्न कव्हरचा आहे. पातळ, कडक पाठीचं कव्हर घ्या, कडा हव्या तर रबरी चालतील. कव्हर काढूनही फोन मलूलच असेल, तर दोष आत आहे आणि पुढचं वाचा.

आतला दोष ओळखायचा तर मोटरचे दोन प्रकार माहीत हवेत. दुकानात दोघांनाही व्हायब्रेटरच म्हणतात, आणि बरेचसे चुकीचे निदान इथूनच सुरू होतात.

पहिला प्रकार म्हणजे फिरणारी मोटर. शर्टाच्या बटणाएवढी चकती असते, आत एका बाजूला जड असलेला तुकडा गरगर फिरतो आणि त्या असमतोलामुळे फोन हलतो. स्वस्त फोनमध्ये बहुधा हीच असते. तिला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो आणि वीज थांबल्यावरही ती क्षणभर घरंगळते, म्हणून तिची थरथर "घर्रर्र" अशी लांबट येते. तिच्यात वीज पोहोचवणारे बारीक ब्रश असतात. ते झिजतात, त्यांच्यात घाण किंवा ओल बसते, फोन पडल्यावर दांडा वाकतो. अशी जड झालेली मोटर आधी छोटे झटके गमावते. कीबोर्डवरचा झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा असतो, तेवढ्या वेळात ती जागची हलतही नाही. गजर सलग वाजत राहतो म्हणून तिथे ती अडखळत का होईना फिरू लागते. तेव्हा टाइप करताना काही नाही आणि गजराला घरघर, ही लक्षणं बॅटरी सेव्हरची असू शकतात तशी म्हाताऱ्या मोटरचीही असू शकतात. फरक ओळखणं सोपं आहे: बॅटरी सेव्हर बंद करा, कीबोर्डची पट्टी शेवटपर्यंत ओढा, आणि तरीही काही येत नसेल तर संशय मोटरकडे वळवा. फोनच्या पाठीला कान लावून ऐका. आवाज एकसारखा घुमत असेल तर मोटर ठीक. मध्येच थांबत असेल, वेग वर-खाली होत असेल, फोन उलटा केला की बदलत असेल, किंवा हलकी टिचकी मारल्यावर सुरू होत असेल, तर ती अडकते आहे आणि फार दिवस चालणार नाही.

दुसरा प्रकार फिरतच नाही. त्यात एक वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं आणि तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज सोडून ते मागे-पुढे हलवतात. याला लिनियर मोटर म्हणतात. ॲपलने 2015 च्या आयफोन 6एस पासून जवळपास सगळ्या आयफोनमध्ये अशीच मोटर वापरली आहे, आणि अँड्रॉइडमध्ये वरच्या व मधल्या किमतीच्या अनेक फोनमध्ये ती असते. तिचा स्पर्श लहान आणि नेमका असतो, टाइप करताना "टक्" असा. ही मोटर झोक्यासारखी आहे. झोक्याला त्याच्या तालावर हात लावला की थोड्या जोरातही तो उंच जातो, ताल चुकला की कितीही ढकला, तो नुसता अडखळतो. प्रत्येक लिनियर मोटरचा असा स्वतःचा ताल असतो आणि फोन त्याच तालावर वीज देतो. ताल थोडा जरी हुकला तरी थरथर एकदम पडते.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की दुकानात मोटर तपासण्याची सर्रास पद्धत म्हणजे ती बोर्डापासून सुटी करून तीन व्होल्टची वीज थेट लावायची. फिरणारी मोटर अशी लावली की लगेच फिरते, म्हणून तिच्यासाठी ही चाचणी योग्यच आहे. पण लिनियर मोटरला थेट वीज लावली की तिचं वजन एका बाजूला सरकून तिथेच थांबतं. एक बारीक "टक्" आणि पुढे शांतता. ते बघून कारागीर सांगतो, गेली. ती गेलेली नसते, तिला उलटसुलट वीज हवी असते. अशा मोटरसाठी आधी मल्टीमीटरवर तिचा रोध बघतात. साधारण काही दहा ओहम, कधी त्याहून कमी, असा आकडा आला तर आतली तार शाबूत आहे. मीटर `OL` दाखवत असेल तर तार तुटलेली आहे आणि मोटर बदलावी लागेल. बोर्डाच्या बाबतीत हीच फसगत उलट बाजूने होते. फोन थरथरत असताना मोटरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजलं तर फिरणाऱ्या मोटरला तीनच्या आसपास मिळतं, पण लिनियर मोटरला जवळपास शून्य, कारण वीज सतत दिशा बदलते आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो. शून्य दिसलं म्हणून बोर्ड खराब ठरवतात. मीटर एसीवर ठेवून किंवा विजेची लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर बघितल्याशिवाय तो निकाल मान्य करू नका. दुसऱ्या दुकानदाराने बोर्डाचं नाव कशावरून काढलं, हे त्याला शांतपणे विचारा. "फोन उघडून बघितला का?" आणि "मोटर कोणत्या प्रकारची आहे?" हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. न उघडता सांगितलं असेल तर तो अंदाज आहे.

आता तुमच्या डिस्प्लेच्या कामाकडे येतो. कव्हर आणि सेटिंग बाजूला केल्यावरही थरथर मंद राहिली, तर माझा पहिला संशय इथेच आहे, आणि तो मोटर जळण्याचा नाही.

फोनचा डिस्प्ले दोन प्रकारे मिळतो, नुसता किंवा फ्रेमसह. फ्रेमसह घेतला की काम लवकर उरकतं, म्हणून बरीच दुकानं तोच पसंत करतात. पण त्यात जुन्या फ्रेममधली प्रत्येक वस्तू, म्हणजे बोर्ड, बॅटरी, स्पीकर आणि व्हायब्रेटर, काढून नव्या फ्रेममध्ये बसवावी लागते. व्हायब्रेटर आपल्या खाचेत दुहेरी चिकटपट्टीने पक्का चिकटवलेला असतो. जुन्या खाचेतून उपटताना ती चिकटपट्टी फाटते. नवी न लावता मोटर तशीच ठेवली तर ती खाचेत सैल राहते. मग तिची ताकद फोन हलवण्याऐवजी स्वतः खाचेत खडखडण्यात जाते. बाहेर काय मिळतं? मंद थरथर आणि जास्त घरघर. तुम्ही लिहिलंय ते बरंचसं असंच आहे, आणि पडद्याचं काम झाल्यापासूनच सुरू झालंय.

दुसरी शक्यता जोडणीची. काही फोनमध्ये मोटरला तारा किंवा पट्टी असते, काहींमध्ये बारीक स्प्रिंगच्या पत्त्या बोर्डावर टेकतात. पत्ती वाकली, पट्टीचं टोक नीट बसलं नाही किंवा मधला एखादा स्क्रू लावायचा राहिला, तर वीज कधी पोहोचते, कधी नाही. हे घरी ओळखता येतं. फोन सलग थरथरत असताना पाठीवर वेगवेगळ्या जागी अंगठ्याने हलका दाब द्या, खालचे दोन्ही कोपरे आणि वरचा भाग आधी, कारण मोटर बहुतेक तिथेच कुठेतरी असते. दाबल्यावर थरथर एकदम जोरात आली किंवा पूर्ण बंद झाली तर सैल मोटर किंवा सैल जोडणी, यापैकी एक नक्की. जोरात दाबू नका, आत नवा डिस्प्ले आहे.

आणखी एक खूण बघा. बऱ्याच फोनमध्ये मोटर खालच्या चार्जिंग बोर्डाच्या शेजारी असते आणि तिची वीज त्याच बोर्डातून, एका लांब पट्टीवाटे, मुख्य बोर्डाकडून येते. थरथरीबरोबर चार्जिंग अधूनमधून तुटत असेल किंवा समोरच्याला तुमचा आवाज नीट जात नसेल, तर ती पट्टी किंवा चार्जिंग बोर्ड तपासायला सांगा. हे भाग मुख्य बोर्डाच्या मानाने बरेच स्वस्त असतात. हे सगळं शाबूत, मोटर स्वतंत्रपणे तपासून चांगली, योग्य मीटरने मोजून वीजच येत नाही, इतकं सिद्ध झालं तरच मुख्य बोर्डाचा विषय येतो. आणि तिथे मोटरला वीज देणारं सर्किट अनेक फोनमध्ये पॉवर आयसी म्हणजे फोनचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपच्या आतच असतं, म्हणून ते काम महाग आणि जोखमीचं आहे. बाकी फोन उत्तम चालत असेल तर फक्त थरथरीसाठी तीन वर्षांच्या फोनचा पॉवर आयसी बदलू नका.

तुम्ही असं करा. पहिल्या दुकानात, म्हणजे जिथे डिस्प्ले बदलला तिथेच, आधी जा. पावती असेल तर बरोबर घ्या. डिस्प्ले फ्रेमसह होता का ते विचारा आणि म्हणा, "काम झाल्यापासून व्हायब्रेशन मंद आहे, मोटर खाचेत पक्की चिकटलेली आहे का आणि तिची जोडणी नीट बसली आहे का ते माझ्यासमोर उघडून बघा." फोन उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीची जोडणी काढायला हवी, ते होतंय का बघा. त्याच वेळी बॅटरी फुगलेली तर नाही ना, हेही विचारा. फुगलेली बॅटरी आतल्या भागांवर दाब देते आणि ती असली तर व्हायब्रेशनचा प्रश्न दुय्यम, बॅटरी आधी बदला. मोटर सैल सापडली तर नवी चिकटपट्टी लावणं हे काही मिनिटांचं काम आहे आणि ते त्यांनी विनामूल्य करून द्यायला हवं, कारण डिस्प्लेच्या कामातच ते राहिलेलं आहे.

मोटर खरोखर बदलावीच लागली तर एकच आग्रह धरा: तुमच्याच मॉडेलची हवी. "बसते आहे ना" एवढ्यावर लिनियर मोटरच्या जागी दुसऱ्या मॉडेलची लावली तर तिचा ताल वेगळा असतो आणि नवी असूनही ती जुन्यापेक्षा मंद वाटते. लिनियरच्या जागी फिरणारी तर मुळीच नको. बदलल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी, पाठ बंद करून झाल्यावर, कव्हर न घालता तीच बोटांच्या टोकांची चाचणी करा. फोन पाण्यापासून संरक्षित असेल तर पाठ उघडल्यावर ते संरक्षण पूर्वीसारखं राहत नाही, हे धरून चाला.

हे सगळं होईपर्यंत आईंचा फोन चुकायला नको. वर्गात आवाज पूर्ण बंद करण्याऐवजी `Do Not Disturb` वापरा आणि त्यात फक्त आईंच्या नंबरला सूट द्या. आधी संपर्क यादीत त्यांच्या नावाला तारा लावा, मग `Do Not Disturb` च्या सेटिंगमध्ये फोन कॉल फक्त तारांकित व्यक्तींकडून येऊ द्या आणि रिंगचा आवाज अगदी खालच्या पायरीवर ठेवा. यासाठी फोन `Sound` वर असायला हवा, `Vibrate` किंवा `Mute` वर असेल तर ती सूट मिळूनही आवाज येणार नाही. शेजारच्या घरातून किंवा दवाखान्यातून कुणी फोन करणार असेल तर त्या नंबरांनाही तारा लावा. त्याच पानावर `Repeat callers` सारखा पर्याय असतो. तो चालू असला की त्याच व्यक्तीने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आईंना आणि त्यांच्याजवळ असणाऱ्याला सांगून ठेवा, की खरंच निकड असेल तर लागोपाठ दोनदा लावा.

आणि फोन टेबलावर पालथा ठेवत असाल तर फ्लॅशचाही उपयोग होतो. सॅमसंगवर आणि अँड्रॉइड 14 पासून पुढच्या बऱ्याच फोनवर `Accessibility` मध्ये `Flash notification` किंवा `Flash notifications` हा पर्याय आहे. तो चालू केला की फोन आल्यावर कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकतो. मुलांचं लक्ष विचलित होतं असं वाटलं तर टेबलाच्या खणाचं तोंड थोडं उघडं ठेवून फोन आत ठेवा, दिवा तुम्हालाच दिसेल. फक्त खणात खाली वह्यांचा गठ्ठा नको. फोन थेट लाकडावर ठेवला तर आत्ताच्या मंद मोटरचाही आवाज तिथे जास्त येईल.